पेन ड्राइव्हवर किंवा झिपमध्ये नेल्यावर मराठी नावांची αñ╕αÑïαñ▓αñ╛ अशी चिन्हे का होतात आणि ती नावे परत कशी मिळवावीत

सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरील औद्योगिक वसाहतीतल्या एका टॉवेल-चादरीच्या कारखान्यातून नुकतीच आलेली तक्रार अशी होती. पुण्यात बसून नक्षीकाम करणाऱ्या मुलीने आपल्या मॅकवर चादरींच्या नक्ष्यांचे फोल्डर झिप करून मेलने पाठवले. कार्यालयातल्या विंडोज 7 च्या संगणकावर ती झिप उघडली गेली, त्यातले फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतले गेले आणि मागच्या शेडमधल्या संगणकाला तो पेन ड्राइव्ह लावला, तेव्हा एकाही फाइलचे नाव वाचता येईना. पेन ड्राइव्ह बदलून पाहिला, फॉरमॅट करून पाहिला, तरी नावे तशीच. फायली उघडत होत्या, आतली नक्षी शाबूत होती, पण दोनशेच्या आसपास फायलींतली कोणती मयूर नक्षीची आणि कोणती वेलबुट्टीची हे एकेक उघडल्याशिवाय कळत नव्हते.

ही तक्रार वेगवेगळ्या तोंडून पुन्हा पुन्हा येते आणि जवळजवळ दर वेळी दोष पेन ड्राइव्हवर ढकलला जातो. प्रत्यक्षात विंडोजवरून पेन ड्राइव्हवर फाइल नेताना नाव बिघडण्याचे कारण फार क्वचित असते, कारण फॅट32, एक्सफॅट आणि एनटीएफएस या तिन्ही पद्धती लांब नावे युनिकोडमध्येच, म्हणजे प्रत्येक अक्षरघटकाला सोळा बिटांची जागा देऊन साठवतात. बिघाड बहुधा त्याआधीच, झिप उघडताना झालेला असतो आणि पेन ड्राइव्ह ते बिघडलेले नाव इमानेइतबारे पुढे नेतो. याची खात्री करायची असेल तर मूळ संगणकावर `सोलापूर.txt` नावाची रिकामी फाइल करावी, झिप न करता थेट पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि दुसऱ्या संगणकावर पाहावी. नाव नीट दिसले तर पेन ड्राइव्हचा विषय तिथेच मिटतो.

बिघडलेले नाव आधी नीट वाचावे

उपाय शोधण्याआधी पडद्यावर नेमके काय दिसते ते पाहावे, कारण त्या चिन्हांवरूनच बिघाड कुठे झाला आणि नाव परत मिळेल की नाही हे समजते. नावाच्या जागी नुसते चौकोन दिसत असतील तर नाव बिघडलेलेच नाही. त्या संगणकावर किंवा त्या प्रोग्रॅममध्ये देवनागरी फॉन्ट नाही, एवढाच त्याचा अर्थ. प्रश्नचिन्हे दिसत असतील तर मधल्या एखाद्या जुन्या प्रोग्रॅमने देवनागरी अक्षरे आपल्या कोष्टकात शोधली, ती तिथे सापडली नाहीत आणि त्याने प्रत्येकाच्या जागी `?` ठेवले. विंडोजमध्ये फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नसल्यामुळे असे प्रश्नचिन्ह बहुतेक वेळा केवळ दाखवण्यापुरते असते आणि खरे नाव खाली सुरक्षित असते. मात्र `_______.pdf` अशा अधोरेषा दिसू लागल्या, तर त्या प्रोग्रॅमने प्रश्नचिन्हाऐवजी चालणारे चिन्ह घालून नवीन नावच लिहून टाकलेले असते. या प्रतीतून मूळ नाव काढण्याचा कोणताही मार्ग नाही, कारण सगळी अक्षरे एकाच चिन्हात गेली. मूळ झिप किंवा मूळ संगणक गाठणे एवढेच उरते.

कारखान्यातल्या नावांचा प्रकार तिसरा होता आणि तो सर्वांत जास्त आढळतो. तिथे प्रत्येक नावात `αñ` आणि `αÑ` ही जोडी पुन्हा पुन्हा येत होती, तिच्या मागे दर वेळी एखादे वेगळे चिन्ह होते आणि शेवटचे `.pdf` मात्र जसेच्या तसे होते. असे रूप दिसले की निश्चिंत व्हावे, कारण अशा नावातून एकही अक्षर हरवलेले नसते.

`αñ` कुठून येते

युनिकोडमध्ये देवनागरीची जागा U+0900 ते U+097F अशी आहे. झिपमध्ये नाव लिहिताना मॅक आणि लिनक्स त्याचे यूटीएफ-8 रूप वापरतात, आणि त्या रूपात देवनागरीच्या प्रत्येक अक्षरघटकाला तीन बाइट लागतात. त्यांपैकी पहिला बाइट नेहमी E0 असतो, दुसरा A4 किंवा A5 असतो आणि तिसऱ्या बाइटवरून अक्षर ठरते. हेच बाइट डॉसच्या काळातील कोड पेज 437 या कोष्टकातून वाचले, तर E0 म्हणजे α, A4 म्हणजे ñ आणि A5 म्हणजे Ñ. म्हणून प्रत्येक मराठी अक्षराच्या आधी हीच जोडी उभी राहते.

`सोलापूर` हे नाव घेऊन पाहू. आपल्याला त्यात चार अक्षरे दिसत असली तरी संगणक मात्रा वेगळ्या धरतो, त्यामुळे त्याच्या लेखी ते स, ो, ल, ा, प, ू, र असे सात घटक आहेत. सात घटकांचे एकवीस बाइट होतात आणि 437 च्या कोष्टकात एका बाइटला एक चिन्ह असल्यामुळे पडद्यावर एकवीस चिन्हे येतात:

```
सोलापूर      E0A4B8 E0A58B E0A4B2 E0A4BE E0A4AA E0A582 E0A4B0
437 मधून     αñ╕    αÑï    αñ▓    αñ╛    αñ¬    αÑé    αñ░
```

जेकार्ड मागावर छिद्रांची कार्डे एका मागासाठी पाडावीत आणि वेगळी हार्नेस-बांधणी असलेल्या दुसऱ्या मागावर चढवावीत, तसा हा प्रकार आहे. विणले जाते ते भलतेच, पण एकही छिद्र बुजलेले नसते. 437 च्या कोष्टकात 80 ते BF या टप्प्यातील प्रत्येक बाइटला स्वतंत्र चिन्ह आहे आणि त्यातले एकही चिन्ह विंडोजच्या नावात निषिद्ध नाही. उलट वाचन करून नाव पूर्ण परत मिळते ते याच कारणाने.

कोष्टक 437 चेच असेल असे मात्र नाही. विंडोजच्या कमांड खिडकीत `chcp` लिहिले की त्या संगणकाचे कोड पेज कळते. ते 850 असेल तर त्याच नावाची सुरुवात `Óñ` अशी होईल आणि 1252 च्या कोष्टकातून वाचले गेले असेल तर `à¤` अशी. या तिन्हींत 1252 सर्वांत त्रासदायक आहे. त्याकडे पुढे येऊ.

सोलापुरात एक गोष्ट वरचेवर समोर येते, म्हणून जाता जाता नोंदवतो. इथल्या अनेक कार्यालयांत तेलुगू आणि कन्नड नावांच्याही फायली असतात आणि एकाच झिपमध्ये तिन्ही लिप्या मिसळलेल्या आढळतात. 437 मधून वाचल्यावर तेलुगू नावात α च्या मागे `░` किंवा `▒` येते आणि कन्नड नावात `▓` किंवा `│` येते. त्यामुळे नाव वाचता न येताही कोणती फाइल कोणत्या भाषेतली आहे हे सांगता येते, आणि दुरुस्ती तर तिघांचीही एकच आहे.

झिपमध्ये नेमके काय चुकते

झिप ही पद्धत 1989 मधली आहे. त्या वेळी नाव म्हणजे बाइटांची रांग आणि ती 437 च्या कोष्टकातून वाचायची, एवढेच गृहीत होते. 2006 मध्ये झिपच्या अधिकृत वर्णनाची 6.3.0 ही आवृत्ती आली आणि तिने प्रत्येक फाइलच्या नोंदीतील एका बिटाला, शून्यापासून मोजले तर अकराव्याला, नवा अर्थ दिला. तो बिट 1 असेल तर नाव यूटीएफ-8 मध्ये आहे असे समजावे. अडचण अशी झाली की मॅकमधील फाइंडरच्या आज्ञेने तयार होणाऱ्या झिप बराच काळ नाव यूटीएफ-8 मध्ये लिहीत राहिल्या, पण हा बिट लावत नव्हत्या. मॅकवर त्या नीट उघडत, कारण उघडणाराही यूटीएफ-8 च धरून चालतो. विंडोजला मात्र बिट 0 दिसला की तो जुन्या नियमाप्रमाणे आपले कोड पेज वापरतो. नियमाच्या दृष्टीने विंडोजचे चुकत नाही.

विंडोज 7 ची बाजू याहून कमकुवत होती. नंतरची सुधारणा बसवलेली नसेल तर त्यातली फोल्डरसारखी उघडणारी झिप हा बिट लावलेला असूनही त्याकडे लक्ष देत नसे. त्याच विंडोज 7 मध्ये मराठी नावाच्या फाइलवर राइट क्लिक करून ती झिपमध्ये पाठवू पाहिली तर नावात चालत नसलेली अक्षरे आहेत असे सांगून तो नकार देत असे. हा नकार पुष्कळांना जाचक वाटतो, पण माझ्या मते तो अधोरेषा घालून मुकाट्याने झिप करून देण्यापेक्षा कितीतरी बरा होता. त्या नकाराचे मूळही कोष्टकातच आहे. रशियन, ग्रीक, अरबी यांना डॉस आणि विंडोजची स्वतःची आठ बिटांची कोड पेजे मिळाली. मराठी आणि हिंदीला विंडोजमध्ये आधार मिळाला तो थेट युनिकोडवरच. त्यामुळे जुन्या, आठ बिटांच्या मार्गाने मराठी नाव न्यायचे म्हटले तर त्याला जायला जागाच नाही.

विंडोज 8 पासून पुढे अंगभूत झिप हा बिट पाहते आणि मराठी नावांसाठी लावतेही. म्हणून दोन नव्या विंडोज संगणकांमध्ये ही तक्रार सहसा येत नाही. ती येते ती मॅक किंवा लिनक्सवरून विंडोजकडे येताना, किंवा साखळीत कुठेतरी जुना संगणक असताना.

मूळ झिप हाताशी असेल तर

अशा वेळी बिघडलेल्या फोल्डरला हात लावण्याची गरज नाही. ते बाजूला ठेवावे आणि झिप पुन्हा, योग्य कोष्टक सांगून उघडावी. विंडोजवर सेव्हन-झिप हा मोफत प्रोग्रॅम यासाठी पुरेसा आहे. आधी झिपच्या पोटातली नोंद पाहावी:

```
7z l -slt nakshi.zip
```

प्रत्येक फाइलखाली येणाऱ्या माहितीतल्या दोन ओळी आपल्या कामाच्या आहेत. `Host OS` पुढे `Unix` असेल तर झिप मॅक किंवा लिनक्सवर तयार झाली आहे, आणि `Characteristics` पुढे `UTF8` नसेल तर वर सांगितलेला बिट लावलेला नाही. झिपमध्ये `__MACOSX` नावाचे फोल्डर आणि `._` ने सुरू होणाऱ्या छोट्या फायली असतील तर ती मॅकवरचीच, याला वेगळा पुरावा नको. कारखान्याच्या झिपमध्ये या सगळ्या खुणा होत्या.

सेव्हन-झिपच्या अलीकडच्या आवृत्त्या `Unix` असे लिहिलेले पाहून नाव यूटीएफ-8 आहे असे स्वतःच धरून चालतात, त्यामुळे अनेकदा नुसते सेव्हन-झिपने उघडल्यावर नावे सरळ होतात. झाली नाहीत तर कोष्टक आपण सांगावे. 65001 हा विंडोजमध्ये यूटीएफ-8 चा क्रमांक आहे:

```
7z x nakshi.zip -o"D:\nakshi" -mcp=65001
```

`-o` आणि मार्ग यांच्यामध्ये जागा सोडू नये. `7z` ही आज्ञा सापडत नाही असा संदेश आला तर आधी `cd "C:\Program Files\7-Zip"` करावे. उबुंटू किंवा डेबियनवर हेच काम `unzip -I UTF-8 nakshi.zip` या आज्ञेने होते. मात्र `-I` ही सोय त्यांनी आपल्या आवृत्तीत जोडलेली असल्यामुळे प्रत्येक लिनक्सवर ती मिळेलच असे नाही.

झिप उरली नसेल तर

कारखान्यात मेलमधली झिप काढून टाकली गेली होती आणि पुण्याच्या मॅकवरचे फोल्डर तोपर्यंत पुढे बदलले होते, त्यामुळे हातातली नावेच उलटी वाचावी लागली. पद्धत सरळ आहे. बिघडलेल्या नावातील प्रत्येक चिन्हाचा 437 प्रमाणे बाइट काढायचा आणि मिळालेली बाइटांची रांग यूटीएफ-8 म्हणून वाचायची. पायथॉनमध्ये ते असे करता येते:

```python
import os, unicodedata
root = r'D:\nakshi-prat'
nfc = lambda s: unicodedata.normalize('NFC', s)
for d, subs, files in os.walk(root, topdown=False):
    for n in files + subs:
        try:
            m = nfc(nfc(n).encode('cp437').decode('utf-8'))
        except UnicodeError:
            continue
        if m != n:
            print(n, '->', m)
            # os.rename(os.path.join(d, n), os.path.join(d, m))
```

हे नेहमी फोल्डरच्या वेगळ्या प्रतीवर चालवावे. शेवटची ओळ मुद्दाम बंद ठेवली आहे: पहिल्यांदा फक्त जुने आणि नवे नाव छापले जाते, ते डोळ्यांखालून घालावे आणि बरोबर वाटले तरच सुरुवातीचे `#` काढून पुन्हा चालवावे. कमांड खिडकीत देवनागरीऐवजी चौकोन दिसले तर घाबरू नये. तो त्या खिडकीच्या फॉन्टचा दोष आहे. अशा वेळी एखादीच फाइल वेगळ्या फोल्डरात घेऊन तिचे नाव बदलून पाहावे आणि निकाल फोल्डरच्या खिडकीत तपासावा. `topdown=False` आवश्यक आहे, कारण बाहेरच्या फोल्डरचे नाव आधी बदलले तर आतल्या फायलींचा मार्ग तुटतो.

यातली एक गोष्ट मला विशेष समाधानाची वाटते. जे नाव आधीच नीट देवनागरीत आहे त्याला 437 मध्ये बाइटच नसतात, त्यामुळे तिथे चूक उद्भवते आणि ते नाव वगळले जाते. आणि `design-12.pdf` सारखी रोमन नावे दोन्ही कोष्टकांत सारखीच असल्यामुळे बदलत नाहीत. म्हणजे अर्धी नावे बिघडलेली आणि अर्धी नीट असलेल्या फोल्डरवरही हे निर्धास्त चालवता येते. एकच जपावे. दुरुस्त नावाची फाइल तिथे आधीच असेल तर विंडोज चूक दाखवून थांबतो, पण लिनक्सवर `os.rename` जुन्या फाइलवर मुकाट्याने लिहून टाकते.

नावे `Óñ` ने सुरू होत असतील तर `cp437` च्या जागी `cp850` लिहावे, बाकी काही बदलत नाही. नावे `à¤` ने सुरू होत असतील तर मात्र थांबावे. 1252 च्या कोष्टकात 81, 8D, 8F, 90 आणि 9D या पाच बाइटांना चिन्हच नाही, आणि मराठीचे दुर्दैव असे की हलन्त चिन्हाचा, म्हणजे `्` चा, शेवटचा बाइट नेमका 8D आहे. त्यामुळे `चक्र`, `नक्षी`, `पत्र` अशा प्रत्येक जोडाक्षरात एक अदृश्य नियंत्रण-चिन्ह तयार होते. ए आणि झ यांचेही तसेच. ठ चा शेवटचा बाइट तिथे न तुटणारी मोकळी जागा होतो आणि भ चा अदृश्य जोडरेघ होतो. फाइलच्या नावात ही अदृश्य चिन्हे शाबूत असतील तर नाव परत मिळते, पण कोणी ते नाव एक्सेलमध्ये चिकटवले, मेलमध्ये टाइप केले किंवा अनावश्यक चिन्हे काढणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅममधून नेले, की जोडाक्षरे कायमची तुटतात. शिवाय पायथॉनचे `cp1252` या पाच बाइटांवर अडते, म्हणून `nfc(n).encode('cp437')` च्या जागी `b1252(n)` वापरावे आणि हे कार्य वर जोडावे:

```python
def b1252(s):
    return b''.join(
        c.encode('latin-1') if '\x80' <= c <= '\x9f'
        else c.encode('cp1252') for c in s)
```

दुरुस्ती अडण्याची आणखी दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे बिघडलेले फोल्डर मधल्या काळात एखाद्या जुन्या मॅक डिस्कवर जाऊन आलेले असणे. मॅकची एचएफएस प्लस ही पद्धत ñ चे n आणि वरची लाट असे दोन तुकडे करून साठवते आणि तुकड्यांना 437 मध्ये जागा नाही. वरच्या कोडमध्ये `encode` च्या आधीचे `nfc` त्याचसाठी आहे. दुसरे कारण लांबीचे आहे. बिघडलेले नाव मूळच्या तिप्पट लांब होते आणि विंडोजमधले बरेच प्रोग्रॅम संपूर्ण मार्गाला 260 चिन्हांची मर्यादा पाळतात. चाळीस-चाळीस घटकांची दोन फोल्डरे आणि पन्नास घटकांचे फाइलनाव मिळून मूळ मार्ग 130 च्या जवळपास असतो, पण बिघडल्यावर तो 390 च्या घरात जातो. अशा वेळी काही फायली बाहेर निघतच नाहीत किंवा नाव मध्येच कापले जाते. कापलेल्या नावाचा शेवटचा घटक अपुरा राहिला तर वरचा कोड ते नाव वगळतो. अशी उरलेली नावे हातानेच द्यावी लागतात.

दुरुस्तीनंतरही एकाच नावाच्या दोन फायली

नक्ष्यांबरोबर त्या फोल्डरात `दुसऱ्या पाळीची हजेरी.xlsx` ही फाइलही होती, आणि एरवी अशा दुरुस्तीनंतर तिच्यासारख्या नावांवरून नवा गोंधळ उभा राहतो. दुरुस्त झालेली फाइल कार्यालयातल्या फोल्डरात टाकली तर आधीच्या फाइलवर न लिहिता ती तिच्या शेजारी जाऊन बसते, दोन्ही नावे डोळ्यांना अगदी सारखी दिसतात आणि एक्सेलमधले दुवे जुनीच फाइल उघडतात.

याचे मूळ ऱ्य या मराठीच्या खास अक्षरात आहे. ते तीन प्रकारे लिहिलेले आढळते: ऱ हा एकच घटक घेऊन, र आणि नुक्ता असे दोन घटक घेऊन, किंवा जुन्या कळफलकांप्रमाणे र, हलन्त आणि त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह घालून. जुना मॅक पहिल्या प्रकाराचा आपोआप दुसरा प्रकार करतो. नीट दिसणाऱ्या नावात हा फरक कळत नाही, पण गंमत अशी की बिघडलेल्या नावात तो उघड दिसतो:

```
ऱ           αñ▒
र + नुक्ता    αñ░αñ╝
र् + जोडचिन्ह  αñ░αÑìΓÇì
```

कोडमधले बाहेरचे `nfc` दुसऱ्या प्रकाराचा पहिला करून घेते, त्यामुळे मॅकमुळे पडलेला फरक मिटतो. तिसऱ्या प्रकाराला ते हात लावत नाही, कारण युनिकोडच्या दृष्टीने ते वेगळे लेखन आहे. बिघडलेल्या नावांत मध्येच `ΓÇì` दिसले तर ती नावे वेगळी काढून कोणता प्रकार ठेवायचा हे आपण ठरवावे.

पेन ड्राइव्हच खरोखर कारण असते तेव्हा

असे प्रसंग थोडे आहेत. लिनक्सवर पेन ड्राइव्ह हाताने माउंट केला आणि कोष्टक सांगितले नाही, तर फॅटवरची मराठी नावे प्रश्नचिन्हांनी भरतात आणि त्या फायली उघडतही नाहीत. पेन ड्राइव्हवरचे नाव तसेच असते. तो उतरवून पुन्हा लावावा:

```
sudo mount -t vfat -o utf8 /dev/sdb1 /mnt
```

`/dev/sdb1` च्या जागी आपल्या संगणकावरचे नाव `lsblk` ने पाहून घालावे. झेरॉक्सच्या दुकानातल्या, यूएसबीची सोय असलेल्या काही यंत्रांना लांब नावे वाचताच येत नाहीत. ती फॅटमध्ये सोबत साठवलेले आखूड नाव दाखवतात, ज्याच्या शेवटी `~1.PDF` असे काही असते. तिथे दुरुस्त करण्यासारखे काही नाही. छापायला न्यायच्या फाइलला रोमन अक्षरांत आठ चिन्हांच्या आतले नाव द्यावे.

तिसरा प्रसंग गंभीर आहे आणि तो एन्कोडिंगचा नाहीच. पेन ड्राइव्ह लिहीत असताना उपसला गेला किंवा त्याची चिप खराब होऊ लागली, तर फॅटची यादीच विसकटते. ओळखण्याची खूण म्हणजे फाइलचा प्रकार सांगणारा शेवट. एन्कोडिंगच्या बिघाडात `.pdf`, `.xlsx` हे शेवट कधीही बिघडत नाहीत, कारण रोमन अक्षरे या सगळ्या कोष्टकांत एकाच जागी आहेत. शेवटही विचित्र झाले असतील, आकार काही गिगाबाइट आणि तारखा भविष्यातल्या दिसत असतील, तर त्या पेन ड्राइव्हवर वरचा कोड चालवू नये, त्यावर काहीही नवीन लिहू नये, आणि `chkdsk` लावण्याच्याही आधी त्याची पूर्ण प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर घ्यावी.

जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टच्या सवयीने टाइप केलेली आणि म्हणून रोमन अक्षरांच्या गडबडीसारखी दिसणारी नावे हा वेगळाच विषय आहे. त्यांत `αñ` किंवा `à¤` ही जोडी आढळत नाही, आणि इथला एकही उपाय त्यांना लागू पडत नाही.

पुढे पाठवताना

कारखान्यात शेवटी ठरले ते असे की पुण्याहून झिपऐवजी 7z प्रकारची फाइल यावी. या प्रकारात नाव नेहमी युनिकोडमध्येच असते आणि कोष्टकाचा प्रश्नच उद्भवत नाही. उघडणाऱ्या संगणकावर सेव्हन-झिप असावे लागते एवढीच अट. जिथे झिपच हवी, उदाहरणार्थ एखाद्या संकेतस्थळावर चढवायची असेल, तिथे सेव्हन-झिपने `-mcu=on` सांगून ती करावी, म्हणजे नावे यूटीएफ-8 मध्ये जातात आणि बिटही लागतो:

```
7z a -tzip -mcu=on nakshi.zip nakshi
```

विंडोज 10 आणि 11 मध्ये प्रादेशिक सेटिंगखाली सगळ्या प्रोग्रॅमसाठी यूटीएफ-8 वापरण्याचा एक पर्याय आहे आणि तो अनेकदा सुचवला जातो. तो लावला की आठ बिटांचे जुने प्रोग्रॅम 1252 ऐवजी यूटीएफ-8 धरून चालू लागतात, आणि डीटीपीच्या जुन्या फॉन्टवर किंवा जुन्या हिशेबाच्या प्रोग्रॅमवर ज्यांचे रोजचे काम चालते त्यांच्या पडद्यावर त्यामुळे नवाच गोंधळ दिसू शकतो. ज्या संगणकावर असे काहीच चालत नाही तिथे तो लावण्यास हरकत नाही. कारखान्याच्या कार्यालयात पगारपत्रकाचा प्रोग्रॅम जुना असल्यामुळे तो बंदच ठेवला आहे.